एका युनिटचा माग

आमच्या ऑफिसच्या ओट्यावर, दाराच्या उजव्या अंगाला, एका लाकडी फळीवर विजेचं मीटर बसवलेलं आहे. त्यात बारीक लाल दिवा लुकलुकतो. आत एकटा पंखा फिरत असला तर पंधरा सेकंदांनी एकदा. सगळी माणसं आली, संगणक सुरू झाले, कुणी मागं जाऊन पाण्याची मोटर लावली, की सेकंदाला एकदा. मीटरच्या पट्टीवर अगदी बारीक अक्षरांत ३२०० हा आकडा छापलेला आहे. दिवा तेवढ्या वेळा लुकलुकला की एक युनिट वीज खर्ची पडली, असा त्याचा अर्थ. अक्कलकुव्यात आले तेव्हा सकाळी किल्लीची वाट पाहत या मीटरसमोर उभं राहायची सवय लागली. रस्त्यावरून मोलगीकडे जाणाऱ्या जीपा माणसं भरत असायच्या, आणि मी दिव्याकडं बघत हिशेब मांडत असायचे की या एका लुकलुकीमागं पाव ग्रॅमहून जरा कमी कार्बन डायऑक्साइड कुठंतरी हवेत गेला.

कुठंतरी म्हणजे कुठं, हे सांगणं सोपं नाही. त्याकडं पुढं येईन. माझ्याकडं आलेलं काम मात्र साधं दिसत होतं. डोंगरातल्या पाड्यांवर शेती आणि आरोग्याचं काम करणाऱ्या एका लहान संस्थेचं हे ऑफिस. सात माणसं, भाड्यानं घेतलेलं घर, मागं परसू. २०२३-२४ या एका वर्षात या ऑफिसच्या विजेमुळं आणि कचऱ्यामुळं किती कार्बन उत्सर्जन झालं, त्याचा अंदाज काढायचा. पदाचं नाव भारदस्त होतं, सस्टेनेबिलिटी इंटर्न. इथं मला सगळे ‘हिशेबवाल्या ताई’ म्हणत, आणि तेच कामाला जास्त धरून होतं.

विजेची बिलं एका पत्र्याच्या कपाटात, पावत्यांच्या फायलीत टोचून ठेवलेली होती. बाराही सापडली. बारा बिलांवरची युनिटं मांडायची, बेरीज करायची, एका आकड्यानं गुणायचं, असंच कुणालाही वाटेल. बेरीज आली २,५७२. पण बिलं एकापुढं एक टेबलावर मांडली तेव्हा जून, जुलै आणि ऑगस्ट या तिन्ही महिन्यांवर एकच आकडा दिसला, २१२. माणसांचं ऑफिस सलग तीन महिने तंतोतंत तेवढीच वीज वापरत नाही. त्यातून जूनच्या मध्यावर पाऊस लागला की इथं पंखे मंदावतात आणि कूलर गोणपाटाखाली जातो. बिलावर पाहिलं तर त्या तिन्ही महिन्यांत चालू रीडिंगच्या जागी आकडाच नव्हता. पावसाळ्यात रीडिंग घेतलं गेलं नव्हतं आणि आधीच्या महिन्यांच्या सरासरीवर बिल आकारलं होतं. मग सप्टेंबरच्या बिलावर एकदम ५०८ युनिटं. ती एकट्या सप्टेंबरची नव्हती, चारही महिन्यांची खरी वीज त्यात आली होती, आणि आधी भरलेले पैसे त्याच बिलात वळते केले होते.

पैशाचा हिशेब त्यामुळं चोख जुळतो. ऑफिसच्या हिशेबनिसांची काही तक्रार नव्हती आणि नसायलाच हवी होती. पण रुपये वळते होतात, छापलेली युनिटं होत नाहीत. नुसती बेरीज केली तर ते तीन महिने दोनदा मोजले जातात, एकदा सरासरीनं आणि एकदा खऱ्यानं. यावर उपाय साधा आहे. बिलांची बेरीज करायचीच नाही. वर्षाच्या आरंभीचं प्रत्यक्ष घेतलेलं रीडिंग आणि अखेरचं प्रत्यक्ष घेतलेलं रीडिंग, दोहोंतली वजाबाकी. आमच्या मीटरवर ती १४,३८२ पासून १६,३१८ पर्यंत होती, म्हणजे १,९३६ युनिटं. बेरजेपेक्षा ६३६ कमी. या वजाबाकीला एक अट आहे, मधल्या काळात मीटर बदललेलं नसावं. म्हणून प्रत्येक बिलावरचा मीटर क्रमांक ताडून पाहावा लागतो. बिलावर ‘गुणक अवयव’ म्हणून एक रकाना असतो, त्यात १ आहे ना, तेही पाहून घ्यावं. मोठ्या जोडण्यांत तिथं दुसरा आकडा असतो आणि मग वजाबाकीला त्यानं गुणल्याशिवाय खरी युनिटं मिळत नाहीत.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण १,९३६ ही युनिटं नेमकी गेली कुठं, हे मला बघायचं होतं. पंखे, ट्यूब, संगणक, कूलर, मोटर असं एकेकाच्या पाठीवरचे वॅट टिपून घेतले. काय किती तास चालतं, ते विचारलं. लोक नेहमी थोडं कमी सांगतात, लबाडी म्हणून नाही, आपण पंखा लावला हे कुणाच्या लक्षातच राहत नाही म्हणून. संगणकांची सहाशेवर, पंख्यांची पाचशेवर, दिव्यांची साडेतीनशे, असं करत बेरीज साधारण साडेसोळाशेपर्यंत पोचली. पावणेतीनशेहून जास्त युनिटं उरली, त्यांना धनी मिळेना. शेवटी नजर गेली ती कोपऱ्यातल्या इन्व्हर्टरवर. वीज कधीही जाते, म्हणून तो रात्रंदिवस भिंतीतल्या सॉकेटला लावून असतो. बॅटरी भरलेली असली तरी तो स्वतः थोडीथोडी वीज खात राहतो, आणि भरताना जेवढी घेतो तेवढी परत देत नाही. शनिवारी संध्याकाळी कुलूप लावताना मीटर टिपलं, सोमवारी सकाळी उघडताना पुन्हा टिपलं. बंद ऑफिसनं १.३ युनिट वीज वापरली होती. वर्षभराच्या तासांवर नेली तर ती उरलेली युनिटं जवळपास तिथंच सापडतात. आणखी एक गोष्ट यातून कळते. इन्व्हर्टरवर चाललेला पंखा पुन्हा वेगळा मोजायचा नाही. त्याची वीज बॅटरी भरतानाच मीटरमधून गेलेली असते.

आता ‘कुठंतरी’ची गोष्ट. युनिटाला ज्या आकड्यानं गुणायचं तो केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी काढतं. २०२३-२४ या वर्षासाठी तो ०.७२७ आहे, म्हणजे एका युनिटामागं ७२७ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. आमच्या ऑफिसचा हिशेब १,४०७ किलो झाला, साधारण १.४ टन. हा आकडा अक्कलकुव्याचा नाही, महाराष्ट्राचाही नाही. तो सगळ्या देशाचा एकच आहे. ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाच्या जाळ्याला जोडलं गेलं आणि तेव्हापासून भारतभराचं एकच जाळं झालं. तारेतून येणाऱ्या विजेला आपलं गाव नसतं. भुसावळजवळच्या दीपनगरचा कोळसा, साक्रीजवळ शिवाजीनगरला उन्हात पसरलेली सौर पॅनेलं, कुठल्या कुठल्या धरणांचं पाणी, हे सगळं एका हौदात पडतं आणि त्यातून प्रत्येक जण आपलं भांडं भरून घेतो. म्हणून हिशेबही सगळ्या हौदाच्या सरासरीनंच करावा लागतो.

त्या हौदात नर्मदेचं पाणीही आहे. अक्कलकुवा तालुक्याच्या उत्तरेला सातपुड्याच्या रांगा उतरत उतरत नर्मदेपाशी जातात. तिथलं मणिबेली हे सरदार सरोवराच्या बुडितात सापडलेलं महाराष्ट्रातलं पहिलं गाव. १९९४ मध्ये जगभरच्या संघटनांनी जागतिक बँकेकडं मोठ्या धरणांना पैसा देणं थांबवण्याची मागणी केली, त्या जाहीरनाम्याला याच गावाचं नाव दिलं गेलं. धरणावर १,४५० मेगावॉटची वीजकेंद्रं उभी राहिली आणि त्या विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा ठरला. प्राधिकरणाच्या तक्त्यात जलविद्युतेचं उत्सर्जन शून्य धरतात. म्हणजे धरणाची जितकी वीज जाळ्यात येते, तितका आपला ०.७२७ हा आकडा खाली ओढला जातो.

आमच्या ऑफिसातले एक दादा तळोदा तालुक्यातल्या पुनर्वसन वसाहतीतून येतात. त्यांचं मूळ गाव पाण्याखाली आहे. मी तक्ता समजावत होते तेव्हा ते खुर्ची ओढून शेजारी बसले. जलविद्युतेच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, “ताई, इथं शून्य लिहिलंय.”

“हो दादा. पाण्यावरच्या विजेला धूर नसतो, म्हणून.”

“धूर नसतो, ते खरं. पण आजोबांचं शेत गेलं, मोहाची झाडं गेली, देव उचलून आणावे लागले. ते कुठल्या ओळीत धरतात?”

मी सांगितलं, या तक्त्यात कुठल्याच ओळीत नाही. त्यांनी मान हलवली आणि लगेच पुढचं विचारलं, दीपनगरचा कोळसा कसा मोजतात. मी बराच वेळ तेच समजावत राहिले. पण त्यांचा प्रश्न मनातून गेला नाही. कार्बनचा हिशेब कार्बनच मोजतो, हे शिकताना मी शंभरदा ऐकलं होतं. त्याचा अर्थ कळला तो या माणसाचं बोट त्या शून्यावर पाहताना. अहवालात विजेच्या तक्त्याखाली मी एक ओळ लिहिली: ‘यातील जलविद्युत शून्य उत्सर्जनाची धरली आहे, तिच्यासाठी याच तालुक्यातील गावे बुडितात गेली, ती किंमत या आकड्यात नाही.’ कार्बनच्या अहवालात हे कशाला, असं एकानं विचारलं. मी ओळ ठेवली. ती तिथंच हवी, असं मला आजही वाटतं.

विजेला निदान मीटर असतं. कचऱ्याला मीटर नाही, आणि कचऱ्याचा हिशेब विजेपेक्षा पुष्कळ नाजूक निघाला. हुकाचा छोटा काटा आणला. ओला, कागद, प्लास्टिक असे तीन डबे ठेवले आणि रोज संध्याकाळी ऑफिस झाडणाऱ्या मावशींबरोबर त्यांचं वजन टिपू लागले. साध्या दिवशी ओला कचरा तीनशे ग्रॅमच्या आसपास, त्यातला बराच चहाचा चोथा. प्लास्टिक पन्नास-साठ ग्रॅम: दुधाच्या पिशव्या, फरसाणाची पाकिटं, सुपारीच्या पुड्या. पण महिन्यातून एखादी बैठक असते, डोंगरातून चाळीस माणसं येतात, आणि त्या एका दिवसात आठवड्याचा कचरा होतो. उलट फाल्गुनात, काठीच्या होळीच्या दिवसांत, सगळा भागच होळीला निघालेला असतो आणि डबे रिकामे राहतात. म्हणून साध्या दिवसांची सरासरी वेगळी, बैठकीचे दिवस वेगळे आणि सणाचे दिवस वेगळे टिपावे लागतात. एका चांगल्या आठवड्याला बावन्नानं गुणून वर्ष मिळत नाही.

वजन मिळालं तरी निम्मंच काम होतं. कचऱ्याचं उत्सर्जन त्याच्या वजनापेक्षा त्याचं पुढं काय झालं यावर ठरतं. तयार तक्ते मिळतात, ते बहुतेक परदेशी. त्यात कचरा खोल, दाबून भरलेल्या कचराभूमीत गेला असं धरलेलं असतं. अशा ठिकाणी हवा पोचत नाही, अन्न कुजून मिथेन होतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबानं मिथेन हा कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीस पट उष्णता धरतो. आमच्याकडं परसात गुडघाभर खोल एक खड्डा आहे. आंतरसरकारी हवामान समितीच्या मार्गदर्शिकेत अशा उथळ जागेसाठी वेगळा गुणांक दिला आहे. तो वापरून मी एक किलो उरलेल्या अन्नाचं गणित केलं. त्या किलोत कुजू शकणारा कार्बन सुमारे दीडशे ग्रॅम. त्यातला निम्मा प्रत्यक्षात कुजतो. उथळ खड्ड्यात त्याच्या चाळीस टक्केच हवेविना कुजतो. त्यातून निघणाऱ्या वायूत निम्मा मिथेन. अखेरीस वीस ग्रॅम मिथेन हाती येतो, म्हणजे ५६० ग्रॅम कार्बन डायऑक्साइडएवढा परिणाम. तेच अन्न खोल कचराभूमीत गेलं असतं तर १,४०० ग्रॅम. वजन एकच, आणि फरक अडीच पटीचा.

शिवाय सगळं खड्ड्यात जातच नव्हतं. हे मला काट्यानं सांगितलं नाही, मावशींनी सांगितलं. चहाचा चोथा त्या कढीपत्त्याच्या बुंध्याशी टाकतात. डब्यातली उरलेली भाकरी शेजारच्या शेळ्यांना. कोरे पाठीमागचे कागद त्या लेकरांना लिहायला नेतात, बाकीची रद्दी विकली जाते. खड्ड्यात पोचतो तो ओल्या कचऱ्याचा तिसरा हिस्सा, वापरलेले मळके कागद आणि सगळं प्लास्टिक. पावसाळा सोडला तर आठवड्यातून दोनदा त्या काडी लावतात.

“पेटवलं नाही तर कुत्री ओढून रस्त्यावर आणतात,” त्या म्हणाल्या. “मग बोलणी मला बसतात.”

जाळण्याचाही हिशेब असतो. एक किलो प्लास्टिक उघड्यावर जाळलं की दीड ते दोन किलो कार्बन डायऑक्साइड होतो, कारण प्लास्टिकचा कार्बन जमिनीखालच्या तेलातून आलेला असतो. कागदाचा कार्बन झाडानं अलीकडेच हवेतून घेतलेला, म्हणून तो जळला तरी बेरजेत धरत नाहीत, बाजूला नोंदवतात. सगळं मांडून वर्षाचा कचरा ४५ ते ८० किलोंच्या मध्ये कुठंतरी बसला. एकच आकडा द्या, असा आग्रह झाला, पण मी दोन्ही टोकं लिहिली. मावशींच्या सांगण्याला किती नेमकं धरायचं, पावसात खड्ड्यात पाणी साचलं तेव्हा काय झालं, हे मला माहीत नसताना ‘६२’ असं लिहिणं खोटं ठरलं असतं.

विजेच्या १,४०७ किलोंपुढं हे फार तर सहा टक्के. कागदावर पाहणाऱ्याला वाटेल, सोडून द्या, इन्व्हर्टरकडं लक्ष द्या. पण संध्याकाळी खड्ड्याशी उभं राहिलं की प्लास्टिकचा काळा धूर आधी मावशींच्या तोंडावर येतो. पदर नाकाला लावून त्या काठीनं राख ढवळतात. त्या धुरातली काजळी आणि विषारी वायू माझ्या किलोंत कुठंच नाहीत. २०१६ च्या घनकचरा नियमांनी उघड्यावर कचरा जाळायला मनाई केली, आणि ती कार्बनसाठी नव्हती, फुप्फुसांसाठी होती. माझ्या शिफारशींत पहिली शिफारस म्हणूनच सर्वांत लहान आकड्याची होती: काडी लावणं थांबवा. खड्ड्याला जाळीचं झाकण करा, म्हणजे कुत्री येणार नाहीत. आणि प्लास्टिक पोत्यात साठवून महिन्यातून एकदा भंगारवाल्याला द्या. इन्व्हर्टर दुसऱ्या क्रमांकावर. झाकण माझ्यासमोर बसलं. मावशींनी पहिल्यांदा काय केलं, तर जाळी हलवून घट्ट आहे का ते पाहिलं.

एक गोष्ट मात्र मला सारखी खुपत राहिली. मला मोजायला सांगितलं होतं ते वीज आणि कचरा. पण ऑफिसची जीप रोज सकाळी देवगोईचा घाट चढून मोलगीकडं जाते, दोन मोटारसायकली त्याहून आत जातात. एक लिटर डिझेल जळलं की २.७ किलोंच्या आसपास कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणजे ऑफिसच्या अख्ख्या वर्षाच्या विजेएवढं उत्सर्जन सव्वापाचशे लिटर डिझेलात होतं, आणि घाटातली जीप तेवढं डिझेल वर्षाच्या आत कधीच संपवते. पाड्यांवर जाणं हेच या संस्थेचं काम आहे, त्यामुळं ते कमी करा असं मी म्हणणार नाही. पण ते न मोजता ‘या ऑफिसचं उत्सर्जन दीड टन’ असं कुणी छापलं तर ते वाचणाऱ्याला फसवणं होईल. अहवालाच्या पहिल्याच पानावर, शीर्षकाच्या खाली, मी लिहिलं की यात वाहनांचं इंधन धरलेलं नाही आणि ते बहुधा यापेक्षा मोठं आहे.

पुढच्या वर्षी हे काम ज्याच्याकडं येईल त्याच्यासाठी एक कागद मी कपाटाच्या आत चिकटवून आले आहे. एप्रिलच्या पहिल्या तारखेला मीटरचा फोटो काढावा, बिलाची वाट पाहू नये. बैठकीचे दिवस वहीत वेगळे टिपावेत. पंपावरच्या पावत्या फाडून टाकू नयेत, त्या या फायलीत लावाव्यात. आणि काटा हातात घेण्याआधी मावशींबरोबर बसून एकदा चहा घ्यावा. कोणता कचरा कुठं जातो ते सगळं त्यांना ठाऊक आहे.